पंधरा मीटरचा स्लॅब आणि बारा मीटरची सळई: लांबीचा हिशोब कसा बसतो

तासगाव तालुक्यात बेदाण्याच्या पॅकिंगसाठी एक लांबट खोली बांधायची होती. बाहेरून बाहेर रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे बरोबर बारा फूट, आणि लांबी १५ मीटर. चारी बाजूंनी ९ इंची बीम, मध्ये एकही आडवा बीम नाही. सेंट्रिंग उभं राहत आलं तसा मालकांचा फोन आला, "साहेब, दुकानदार विचारतोय, आठ एमएम किती नग आणि दहा एमएम किती?" आमचे फिटर मामा शेजारीच होते. त्यांनी तोंडी हिशोब सांगितला, "पंधरा मीटरचा स्लॅब, बारा मीटरची सळई. एका ओळीला सव्वा सळई."

मामांचे हात या भागात मोठे विश्वासाचे आहेत. तरीही हा सव्वाचा हिशोब चुकतो. तो कुठे चुकतो ते सांगायचं तर याच खोलीची सळई पहिल्यापासून मोजत गेलेलं बरं. ड्रॉइंगमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरनी एवढंच दिलं होतं: स्लॅबची जाडी १५० मिलिमीटर, काँक्रीट एम २०, सळई एफई ५००, मेन सळई १० एमएम दर १५० मिलिमीटरवर, डिस्ट्रिब्युशन ८ एमएम दर २०० मिलिमीटरवर. हे आकडे आपण ठरवायचे नाहीत. आपल्याला त्यांतून लांबी आणि नग काढायचे आहेत.

पहिला घोटाळा दिशेचा होतो. अंतर, म्हणजे १५० किंवा २००, सळईची लांबी सांगत नाही. ते फक्त सळया किती लागतील ते सांगतं. सळई ज्या दिशेला आडवी पडते तिथून तिची लांबी मिळते आणि नगांचा आकडा मात्र दुसऱ्या दिशेला मोजून मिळतो. आपल्या खोलीची लांबी रुंदीच्या चौपट आहे, त्यामुळे स्लॅबचा भार आखूड बाजूनेच दोन्ही लांब बीमांवर जातो. म्हणून मेन सळई १२ फुटांच्या दिशेला पडते, सगळ्यांत खाली. अशा मेन सळया एकामागे एक मांडत आपण १५ मीटर चालत जातो. डिस्ट्रिब्युशनचं उलटं. ती मेनच्या वर, १५ मीटरच्या दिशेला पडते आणि तिचे नग १२ फुटांत मोजायचे. कागदावर खोलीचा चौकोन काढून दोन्ही दिशांना एकेक रेघ ओढली की ही चूक होत नाही. नुसता तोंडी हिशोब केला तर जाणत्या माणसाकडूनही होते.

आता मेनचे नग. सळईच्या टोकाला काँक्रीटचं आवरण हवं, म्हणून दोन्ही टोकांना २५-२५ मिलिमीटर सोडले. उरले १४.९५ मीटर. त्याला ०.१५ ने भागलं की ९९.६७ येतात. हे झाले गाळे, म्हणजे दोन सळयांमधल्या मोकळ्या जागा. अपुरा गाळा पूर्ण धरायचा, नाहीतर अंतर १५० च्या वर जाईल. म्हणून १०० गाळे. आणि सळया १०१. द्राक्षबागेत ओळीला खांब रोवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दहा गाळ्यांच्या ओळीला अकरा खांब लागतात, कारण शेवटच्या गाळ्यालाही पलीकडून एक खांब हवा असतो. सळईच्या यादीत मात्र हा एक बऱ्याचदा निसटतो आणि बांधताना शेवटच्या बीमाजवळ फूटभर जागा रिकामी दिसते.

काही जण टोकाचे बीम सोडून फक्त आतल्या मोकळ्या लांबीवर नग काढतात. त्या रीतीने इथे ९८ येतात. बीमाच्या डोक्यावर बीमाची स्वतःची सळई असतेच, त्यामुळे ती रीतही चुकीची नाही. मी बाहेरून मोजतो, कारण तीन सळया जास्त आल्या तर कुठेतरी लागतात आणि तीन कमी पडल्या तर दुपारी काम थांबतं.

एका मेन सळईची लांबी: ३.६६ मधून दोन्ही टोकांचे ५० मिलिमीटर वजा केले की ३.६१ मीटर. आमच्याकडे प्रत्येक मेन सळई एका टोकाला क्रँक करून वर उचलतात, आणि शेजारच्या सळईचा क्रँक समोरच्या टोकाला येतो. क्रँक ४५ अंशांत वळतो, त्यामुळे तिरक्या भागात थोडी जास्त सळई जाते. ती वाढ म्हणजे उचललेल्या उंचीच्या ०.४२ पट. उंची कशी काढायची? १५० मधून खालचं २० आणि वरचं २० मिलिमीटर आवरण गेलं, सळईची स्वतःची १० मिलिमीटर जाडी गेली, उरले १००. म्हणजे वाढ ४२ मिलिमीटर. तोडायची लांबी ३.६५ मीटर धरली. वाकवताना सळई थोडी ताणली जाते, त्याची वजावट धरणारेही आहेत. दोन वळणांचे मिळून ते २० मिलिमीटर होतात. एवढ्यासाठी मी भांडत नाही.

१२ मीटरच्या सळईतून ३.६५ चे तीन तुकडे निघतात आणि १.०५ मीटर उरतो. १०१ तुकड्यांना ३४ सळया लागतात. इथे मामांनी विचारलं, "साहेब, हे तीन-साडेतीन फुटांचे तुकडे जोडून मेन करूया का? मालकांचे चार पैसे वाचतील." जोड किती लांब लागतो ते पुढे काढू, पण आत्ताच सांगतो, त्या जोडांसह असे सात तुकडे जोडले तर एक मेन सळई तयार होईल आणि तिच्यात ७.३५ मीटर लोखंड जाईल. वर त्यातले काही सांधे स्लॅबच्या ऐन मध्यावर येतील, जिथे मेनवर सगळ्यांत जास्त ताण असतो. या खोलीत मेन सळईला एकही सांधा नको. उरलेल्या तुकड्यांच्या चेअर केल्या, त्या क्रँकचा वरचा भाग पायाखाली दबू नये म्हणून तशाही लागतातच.

आता ज्यासाठी फोन आला होता ती आठ एमएम.

नगांत एक गमतीची अडचण आली. ३.६१ मीटरला ०.२० ने भागलं की १८.०५ येतात. नियम कडक धरला तर १९ गाळे आणि २० सळया. पण १८ गाळे केले तर अंतर २०० ऐवजी २००.६ मिलिमीटर होतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक टेपच्या जाडीतच जातो. मी १८ गाळे, १९ सळया धरल्या. हाच भागाकार १८.४ आला असता तर मात्र वरच गेलो असतो. शिवाय क्रँक करून वर आलेल्या मेन सळयांना आडवं बांधायलाही काहीतरी लागतं. त्यासाठी दोन्ही लांब बीमांजवळ तीन-तीन सळया, म्हणजे आणखी सहा. यादीतून हमखास राहतात त्या याच. एकूण २५ ओळी.

प्रत्येक ओळ १४.९५ मीटरची आणि बाजारात सळई मिळते १२ मीटरची. सांधा आलाच. मामांचा सव्वाचा हिशोब इथे अडखळतो, कारण सांधा म्हणजे दोन टोकं समोरासमोर टेकवणं नव्हे. दोन सळया काही लांबीपर्यंत एकमेकींच्या शेजारून जायला हव्यात. तेवढी लांबी दोनदा मोजली जाते. त्यालाच साइटवर लॅप म्हणतात.

लॅप किती ठेवायचा? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "चाळीस डी," म्हणजे सळईच्या जाडीच्या चाळीस पट. कोणी पन्नास सांगतो. हा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घेतलं की दुसऱ्याच्या आकड्यावर अवलंबून राहावं लागत नाही. सांध्यात एका सळईतला ताण दुसरीत कसा जातो? बाइंडिंग वायरमधून जात नाही. ती तार सळया फक्त जागेवर धरते. ताण पहिल्या सळईच्या अंगावरच्या कंगोऱ्यांमधून भोवतीच्या काँक्रीटमध्ये उतरतो आणि त्या काँक्रीटमधून दुसऱ्या सळईच्या कंगोऱ्यांत जातो. म्हणजे सगळी भिस्त काँक्रीटच्या पकडीवर. ही पकड दर मिलिमीटरला ठरावीकच ताण पेलते, म्हणून लांबी लागते.

आठ एमएम एफई ५०० सळई डिझाइनमध्ये जास्तीत जास्त दर चौरस मिलिमीटरला ४३५ न्यूटन ताण घेते असं धरतात. तिचं छेदाचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की सुमारे २१,९०० न्यूटन येतात, म्हणजे २,२०० किलोच्या आसपास. सिमेंटची ४४ पोती एका आठ एमएम सळईला टांगल्यासारखा हा ताण आहे. आता पकड. एम २० काँक्रीटमध्ये कंगोऱ्यांच्या सळईसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडनुसार ती दर चौरस मिलिमीटरला १.९२ न्यूटन धरायची. आठ एमएम सळईचा परीघ २५.१ मिलिमीटर, म्हणून एक मिलिमीटर लांबीला ४८ न्यूटनांच्या आसपास पकड मिळते. २१,९०० ला ४८.३ ने भागा: ४५३ मिलिमीटर. जाडीच्या पटीत सांगायचं तर ५७ पट. वाकणाऱ्या स्लॅबमधल्या सांध्याला कोड एवढीच लांबी मागतं आणि ती जाडीच्या ३० पटींपेक्षा कमी असू नये असंही सांगतं. म्हणून मी ४६० मिलिमीटर धरतो, आणि मामांना सांगतो "दीड फूट". दीड फूट म्हणजे ४५७ मिलिमीटर. इतका नेमका जुळतो की आठ एमएमला एम २० मध्ये दुसरं काही लक्षात ठेवायची गरज नाही.

मग चाळीस डीचं काय? चाळीस डी म्हणजे ३२० मिलिमीटर. तेवढ्या लांबीत सांधा पूर्ण ताणाच्या ७० टक्केच पेलतो. पूर्वी एफई ४१५ सळई सर्रास वापरात होती. तिच्यावरचा ताण कमी धरत असल्याने एम २० मध्ये ४७ पट पुरत होते. सळई बदलली आणि तोंडातला आकडा तोच राहिला. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. एफई ५५० सळई आणली तर लॅप आणखी वाढतो, ६२ पटींवर जातो, म्हणजे आठ एमएमला जवळपास अर्धा मीटर. जास्त ताकदीची सळई जास्त ओढ घेऊन येते आणि काँक्रीटची पकड मात्र तीच असते. पकड वाढवायची असेल तर काँक्रीट चांगलं हवं. एम २५ मध्ये एफई ५०० ला ४९ पट पुरतात. म्हणून लॅप लिहिताना मी सळईचा ग्रेड आणि काँक्रीटचा ग्रेड दोन्ही विचारतो.

आता ओळीची लांबी: १४.९५ अधिक ०.४६, म्हणजे १५.४१ मीटर. एक १२ मीटरची अखंड सळई आणि तिला जोडायला ३.४१ मीटरचा तुकडा. २५ ओळींना २५ अखंड सळया. एका सळईतून ३.४१ चे तीन तुकडे निघतात, म्हणून २५ तुकड्यांना नऊ सळया. एकूण ३४. सव्वाच्या हिशोबाने २५ ला सव्वाने गुणलं तर ३१.२५, म्हणजे ३२ सळया आल्या असत्या आणि शेवटच्या चार ओळी तुकड्यांवाचून अडल्या असत्या. एका सळईतून सव्वाचे चार पाव निघत नाहीत. ३ मीटरच्या तुकड्याने ओळ जेमतेम भरते, लॅप शिल्लकच राहत नाही.

खोली आणखी लांब असती तर हा घोटाळा जास्त फसवा होतो. समजा खोली २४ मीटरची आहे. टोकांचं आवरण सोडून ओळ २३.९५ मीटर. बाराने भागलं की दोनाला किंचित कमी, म्हणून दोन सळया पुरतील असं वाटतं. पण दोन सळया दीड फुटाचा लॅप देऊन २३.५४ मीटरच झाकतात. तिसरी लागतेच, आणि तिच्याबरोबर दुसरा सांधाही. म्हणून लांब ओळीला मी असं मोजतो: ओळीच्या लांबीतून एक लॅप वजा करायचा, १२ मधूनही एक लॅप वजा करायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. इथे २३.४९ भागिले ११.५४, म्हणजे २.०४. वरचा पूर्ण आकडा तीन. सळया तीन, सांधे दोन.

सांधा किती लांब यापेक्षाही तो कुठे पडतो याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. मामांच्या माणसांनी पहिल्या चार ओळी बांधल्या तेव्हा सगळ्यांच्या १२ मीटरच्या सळया एकाच टोकापासून सुरू झाल्या होत्या. कामाच्या ओघात तसंच होतं, गाडी ज्या बाजूला रिकामी झाली तिथून सळया ओढल्या जातात. मग पंचवीसच्या पंचवीस सांधे ११.५ ते १२ मीटरच्या पट्ट्यात एका रेषेत आले असते. डिस्ट्रिब्युशन सळई काँक्रीट वाळताना आणि थंड होऊन आकसताना त्याला लांबीच्या दिशेने धरून ठेवते. सगळे सांधे एका रेषेत आले की स्लॅबला एक कमजोर रेषा मिळते. एका जुन्या कामावर मी अशी भेग पाहिली आहे. भिंतीपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर, रुंदीभर सरळ आडवी, पट्टीने ओढल्यासारखी. आकसण्याची साधी भेग वेडीवाकडी जाते. सरळ रेषेत गेली की सळईच्या मांडणीवर संशय घ्यायचा.

कोड सांगतं की एकाच ठिकाणी निम्म्यापेक्षा जास्त सळयांचे सांधे नकोत आणि शेजारच्या सांध्यांच्या मध्यांमधलं अंतर लॅपच्या १.३ पट तरी हवं. आपल्याकडे ते होतात ६०० मिलिमीटर. हे साधायला काहीच जास्तीचं लागत नाही. पहिल्या ओळीची अखंड सळई पूर्वेकडून सुरू करायची, दुसरीची पश्चिमेकडून. मग पहिल्या ओळीचा सांधा पूर्वेपासून ११.५ ते १२ मीटरच्या दरम्यान आणि दुसरीचा ३ ते ३.४ मीटरच्या दरम्यान येतो. मध्ये आठ मीटरचं अंतर. तुकडे तेच, लोखंड तेवढंच. मामांनी निम्मी गाडी पलीकडच्या टोकाला हलवली आणि बांधलेल्या चार ओळींतल्या दोन सोडवून उलट्या केल्या.

दुकानदाराला यादी गेली: दहा एमएम ३४ नग, आठ एमएम ३४ नग. आकडे सारखे आले तो योगायोग. वजन काढायला जाडीचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचे किलो मिळतात: दहा एमएमला ०.६१७, आठला ०.३९५. दोन्हींच्या लांब्या ४०८-४०८ मीटर, म्हणून २५२ किलो आणि १६१ किलो, मिळून ४१३. प्रत्यक्ष स्लॅबमध्ये जाणारं लोखंड मात्र ३८० किलो. मधले ३३ किलो हे तुकड्यांचं नुकसान, आणि १२ मीटरच्या सळईतून आपल्या मापाचे तुकडे जसे निघतात त्यावर ते ठरतं. मालकांना हे आधी सांगितलं तर नंतर साइटवरचे तुकडे बघून गैरसमज होत नाही. गाडी उतरताना मी नग मोजून घेतो, नुसत्या काट्यावर जात नाही, कारण मीटरमागचं वजन थोडं कमीजास्त असायला मुभा असते आणि आपली यादी नगांवर बसवलेली आहे.

मालकांनी एक रास्त प्रश्न विचारला. "दीड फुटाऐवजी फूटभर लॅप ठेवला तर किती वाचेल?" चाळीस डी धरून मी तिथेच मोजून दाखवलं. प्रत्येक ओळीत १४ सेंटिमीटर, २५ ओळींत साडेतीन मीटर, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅमच्या जवळपास. आणि आखूड केलेला तुकडा ३.२७ मीटरचा झाला तरी एका सळईतून तीनच निघतात. दुकानातून आणायच्या सळया ३४ च्या ३४. म्हणजे वाचलेलं सगळं लोखंड भंगाराच्या ढिगात गेलं असतं. मालक म्हणाले, "मग राहू दे दीड फूट."

हा सगळा हिशोब एका दिशेने भार नेणाऱ्या साध्या स्लॅबचा आहे. खोली चौकोनाच्या जवळ जात असेल तर दोन्ही दिशांच्या सळया मेन होतात आणि कोपऱ्यांना वेगळी जाळी येते. छज्जा असेल तर मेन सळई वरच्या अंगाला असते आणि तिला बीमाजवळ सांधा अजिबात चालत नाही. बीमाच्या सळयांचे लॅपही या आकड्यांवरून ठरवू नयेत, त्यासाठी ड्रॉइंगच बघावं.

काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी मी टेप घेऊन वर गेलो. अंतर तपासताना एकेक गाळा मोजत नाही. दहा गाळे एकदम मोजतो, मेनला दीड मीटर आणि डिस्ट्रिब्युशनला दोन मीटर यायला हवेत. एखादा गाळा १५ मिलिमीटरने इकडे-तिकडे असला तरी दहांत ते जिरतं, पण माणूस अंदाजाने हळूहळू अंतर वाढवत गेला असेल तर दहा गाळ्यांत ते लपत नाही. मेन बरोबर भरली. मग दोन्ही पट्ट्यांतले सांधे एकेक करून टेपने बघितले. २५ पैकी तीन दीड फुटाला भरले नाहीत, एक तर जेमतेम फूटभर होता. तुकडा तोडताना ३.४१ ऐवजी ३.२५ चा निघाला होता. आठ एमएमचे पावणेदोन मीटरचे उरलेले तुकडे बाजूला पडलेच होते. मामांनी त्यातले तीन उचलले, आखूड सांध्यांच्या शेजारी दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाच्या वर जातील असे मध्यावर ठेवून बांधले आणि खाली उतरताना म्हणाले, "साहेब, उद्या सकाळी सातला मिक्सर लावतो."